तीन आठवडे, सहा सूर

गेल्या वर्षी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात माझा पुतण्या, त्याची बायको आणि त्यांची साडेपाच वर्षांची मुलगी चिखलीला आमच्या घरी आली. पुतण्या बारा वर्षांपासून हो ची मिन्ह शहरात नोकरी करतो. सूनबाई तिथलीच. मुलगी बापाशी मराठी बोलते, आईशी व्हिएतनामी आणि माझ्याशी दोन्हींची खिचडी. पाच सप्टेंबरला तिकडच्या शाळा उघडतात आणि पहिलीत बसणाऱ्या मुलाला अक्षरांची तोंडओळख असावी असे तिथल्या आईबापांना वाटते. सूनबाईंनी म्हणून येताना बॅगेत एक छापील कार्डांचा डबा टाकला होता. तो मुंबईच्या विमानतळावर की रेल्वेत, कुठेतरी राहिला. घरात नव्या कार्डांना तोटा नव्हता. आमच्याकडे लग्नपत्रिकांचा गठ्ठा कधी संपत नाही. त्यांच्या कोऱ्या बाजू कापून आम्ही कार्डे केली. तांबडा स्केचपेन किराणा दुकानात मिळाला.

हे सगळे मी उत्साहाने अंगावर घेतले त्याला एक कारण होते. दोन वर्षांपूर्वी एका वाचनालयात बोलताना मी ठासून सांगितले होते की व्हिएतनामची आजची लिपी गोव्यात जन्मली. टाळ्या पडल्या होत्या. त्या टाळ्यांचे देणे तेव्हापासून माझ्या मानगुटीवर होते, कारण घरी येऊन कागद पुन्हा चाळले तेव्हा ते वाक्य टिकेना.

खरे काय ते आधी सांगतो. व्हिएतनामी आज रोमन अक्षरांत लिहितात. त्या लेखनाला क्वोक न्गू म्हणतात, म्हणजे देशभाषा. हे लेखन फ्रेंचांनी दिले असा आपल्याकडे समज आहे, तो चुकीचा आहे. फ्रेंच सत्ता येण्याच्या दोन शतके आधी ते पोर्तुगीज जेझुइट पाद्र्यांनी उभे केले. 1651 साली रोममध्ये अलेक्झांडर द ऱ्होड याचा व्हिएतनामी-पोर्तुगीज-लॅटिन शब्दकोश छापला गेला, म्हणून श्रेय त्याच्या नावावर चढले. हा ऱ्होड आव्हिन्यो गावचा, म्हणजे पोर्तुगीजही नव्हे. लिस्बनहून निघून 1619 मध्ये तो गोव्यात उतरला आणि 1622 पर्यंत तिथेच होता. साष्टीतल्या जेझुइटांमध्ये तो वावरला. त्याच साष्टीत फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण 1616 साली छापून झाले होते, रोमन अक्षरांतली मराठी ओवी. स्टीफन्स 1619 मध्येच वारले. रायतूरच्या छापखान्यातून 1622 मध्ये कोंकणी धर्मप्रश्नोत्तरे बाहेर पडली, तीही रोमनमध्ये. परक्या भाषेला रोमन अक्षर कसे चढवायचे हा प्रश्न त्या वर्षांत साष्टीत कागदावर रोज सोडवला जात होता आणि ऱ्होड तिथे होता. इतके मी आजही म्हणतो.

पण तो व्हिएतनामात पोचला 1624 च्या डिसेंबरात. तेव्हा तिथे फ्रान्सिस्को द पिना हा पोर्तुगीज पाद्री 1617 पासून राहत होता आणि लोकांची भाषा दुभाष्याशिवाय बोलणारा पहिला परदेशी म्हणून त्याचेच नाव घेतले जाते. ऱ्होड त्याच्याकडे शिकला. पुढच्याच वर्षी पिना बुडून मेला आणि त्याच्या नावाचा कोश कधी छापला गेला नाही. ऱ्होडने स्वतःच्या प्रस्तावनेत आमाराल आणि बार्बोझा या दोघांच्या हस्तलिखित कोशांचा आधार घेतल्याचे मान्य केले आहे. म्हणजे लिपी गोव्यात जन्मली हे वाक्य चूक. ती कोचिनचायनात, पाद्री आणि त्यांचे स्थानिक विद्यार्थी यांच्या हातून घडत गेली. गोवा हे वाटेवरचे मोठे ठाणे. एक खूण मात्र दोन्हीकडे दिसते. नोरोन्हा, कुन्हा ही गोव्यातली आडनावे रोमनमध्ये लिहिताना जे दोन अक्षरी जोड येतो, तो पोर्तुगीजांत ञ या उच्चाराचा. तोच जोड व्हिएतनामीत घर या अर्थाच्या शब्दाच्या सुरुवातीला आहे. घर म्हणजे 'न्या', ओढून आणि खाली उतरवून.

त्या 'खाली उतरवून'मध्ये खरी गोम आहे. ट आणि त वेगळे दाखवायला रोमी कोंकणीत अक्षर दुप्पट करतात. व्हिएतनामीत अडचण दुसरीच होती. तिथे एकच अक्षरसमूह सहा सुरांत बोलला जातो आणि सहा वेगळे शब्द होतात. नेहमीचे उदाहरण देतो, आणि ते जसे कार्डावर लिहिले तसेच देतो:

ma  mà  má  mả  mã  mạ

पहिले भूत, दुसरे 'पण', तिसरे दक्षिणेत आई, चौथे थडगे, पाचवे घोडा (हा चिनीतून आलेला, जुना शब्द), सहावे भाताचे रोप. ऱ्होडच्या पुस्तकात सुरांना पाच चिन्हे आहेत, सहावा सूर बिनचिन्हाचा. चिन्हे आली कुठून, तर ग्रीक लिहिताना पाद्री जी चिन्हे वापरत त्यांतून तीन, अक्षराखालचा ग्रीक ठिपका आणि लॅटिनमधले प्रश्नचिन्ह. ग्रीक शिकलेल्या माणसाच्या हाताशी जे होते ते त्याने लावले. मराठी वाचकाला ती अशी ओळखता येतील. हुएन म्हणजे आपल्या ए-काराच्या मात्रेसारखी डावीकडून उजवीकडे उतरती रेघ, आणि सूरही उतरता. साक त्याच्या उलट, चढती रेघ, चढता सूर. होय म्हणजे प्रश्नचिन्हाचा वरचा आकडा, सूर खाली जाऊन थोडा वर येतो. न्गा म्हणजे आडवी लाट, ज्यात उत्तरेकडे सूर मध्येच घशात तुटतो आणि वर चढतो. नांग म्हणजे नुक्त्यासारखा खालचा ठिपका, सूर खाली, आखूड आणि दाबून थांबवलेला. नांगचा अर्थच जड, न्गाचा अर्थ पडणे, होयचा अर्थ विचारणे.

आता ऱ्होडने हे सूर शिकले कोणाकडून? पॅरिसला 1653 साली छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात तो सांगतो की पहिल्यांदा ही भाषा कानावर पडली तेव्हा ती पक्ष्यांच्या किलबिलीसारखी वाटली आणि शिकण्याची आशाच सुटली. पिना होताच. पण सूर शिकवले ते दहा-बारा वर्षांच्या एका स्थानिक मुलाने. तीन आठवड्यांत. मुलाला ऱ्होडची भाषा येत नव्हती, ऱ्होडला त्याची नाही. मुलगा हावभावांवरून ओळखे की पाद्र्याला काय म्हणायचे आहे आणि उच्चार दुरुस्त करी. उलट बाजूनेही काम झाले. त्याच तीन आठवड्यांत मुलगा रोमन अक्षरे वाचायला आणि लिहायला शिकला. पुढे तो ख्रिस्ती झाला आणि राफाएल हे नाव त्याने घेतले. क्वोक न्गू वाचायला शिकलेल्या ज्या मुलांची नोंद आपल्याला मिळते, त्यांतला हा अगदी सुरुवातीचा. मी जेव्हा जूनमध्ये लग्नपत्रिका कापत बसलो तेव्हा माझ्या मनात हाच हिशेब होता. पाहुणे तीन आठवडे राहणार होते.

माझी पहिली चूक पहिल्याच दिवशी झाली. ती सहा कार्डे मी ओळीने मांडली, वर लिहिल्या क्रमाने, आणि मुलीला म्हणून दाखवायला लावली. दोन तासांत तिने सहाही घडाघडा म्हटली. मला वाटले, झाले काम. संध्याकाळी कार्डे पिसली आणि एकच पुढे ठेवले, ठिपक्याचे. तिने ते बिनचिन्हाचे म्हणून वाचले, म्हणजे भाताच्या रोपाऐवजी भूत. मग दुसरे कार्ड, तेही तसेच. तिने कार्डे वाचली नव्हतीच, ओळ पाठ केली होती. आपल्याकडे बाराखडी गात म्हणणारा मुलगा मधले एक अक्षर विचारले की क पासून पुन्हा सुरू करतो, त्यातलाच प्रकार. तेव्हापासून एक नेम केला की ओळ कधी मांडायची नाही. दोनच कार्डे, तीही सूर सोडून बाकी सारखी, आणि मी उचलेन ते तिने बोलायचे. रोज एक नवी जोडी. पाचव्या दिवशी ठिपका आणि कोरे ही जोडी ती चुकेनाशी झाली. त्या जोडीत चढउतारापेक्षा लांबी कळते. एक आखूड तुटतो, दुसरा लांबतो.

दुसरी चूक माझ्या जिभेची होती, आणि ती तिने पकडली. मी कार्ड उचलून विचारत असे, 'हे काय? मा?' आणि मराठी माणूस प्रश्न विचारताना आवाज शेवटी वर नेतोच. कार्डावर उतरती रेघ असली तरी माझ्या तोंडून चढता सूर निघे, म्हणजे आई. मुलगी दरवेळी हसून आईकडे बघे. दोन दिवस मला वाटले की तिला गंमत वाटते आहे. तिसऱ्या दिवशी सूनबाईंनी समजावले की मी 'पण' या कार्डावर दरवेळी 'आई' म्हणतो आहे आणि पोरगी कार्ड सोडून माझे ऐकते आहे. त्यानंतर मी कार्डावरचा उच्चार करायचाच बंद केला. कार्ड उचलायचे आणि गप्प बसायचे. उच्चार सूनबाईंनी करायचा, तो टेलिफोनवर हिशेब सांगावा तसा सपाट. ऱ्होडला मुलाने दुरुस्त केले ते वाचताना मला ते गोड वाटले होते. स्वतः चार दिवस चुकल्यावर तीन आठवडे हा आकडा किती मोठा आहे ते कळले.

आता शाळेतली पद्धत. व्हिएतनामी वाचन अक्षरे एकेक ओळखून होत नाही, एका झटक्यात म्हटल्या जाणाऱ्या शब्दखंडाने होते. प्रत्येक खंड आधी व्यंजन, मग बाकीचा तुकडा, मग सूर, असा फोडतात. 'गणित' या शब्दासाठी 'तोआन' चढत्या सुरात असे कार्ड घ्या, म्हणजे toán. मुलगी आधी मागचा तुकडा जोडते: ओ-आ, न, 'ओआन'. मग पुढचे व्यंजन 'तो' नव्हे, 'तऽ' असे घेऊन 'तोआन'. मग सुराचे नाव 'साक', आणि शेवटी पूर्ण शब्द चढत्या सुरात. व्यंजनाचे नाव कोणते घ्यायचे यावर तिथे एकेकाळी मोठा फरक होता. फ्रेंच शाळेतून आलेल्या नावात 'बे' म्हणत, मग मूल 'बे-आ' म्हणून 'बेआ' वाचे. 1938 मध्ये हनोईत क्वोक न्गू प्रसाराची संस्था निघाली, तिचे अध्यक्ष नुएन व्हान तो. तिच्यासाठी गणिती होआंग सुआन हान यांनी वाचनाची जी पद्धत बसवली तिच्यात व्यंजन 'बऽ' असे उच्चारले. अक्षरे ओळखायला आकाराच्या पद्यखुणा दिल्या: गोल ओ अंड्यासारखा, त्यातला एक टोपी घातलेला, एक दाढीवाला. 'बऽ-आ' म्हटले की 'बा' जवळजवळ आपसूक येतो. आपल्याला हे नवल वाटत नाही, कारण क हे अक्षर आपण क असेच म्हणतो. रोमन लिपीच्या शाळेत मात्र त्याला झगडावे लागते.

त्या पद्धतीचा खरा कस 1945 नंतर लागला. 8 सप्टेंबर 1945 ला, स्वातंत्र्याची घोषणा होऊन सहा दिवस झाले होते, तेव्हा हो ची मिन्ह यांच्या सरकारने साक्षरतेचा हुकूम काढला. शिकवणारे कोण, तर काल शिकलेले. बाजाराच्या दारात कार्ड किंवा फळा लावत आणि वाचता येईल तो पुढे जाई, न वाचता येणाऱ्याला 'आंधळ्यांच्या' दरवाज्यातून जावे लागे. हे वाचले तेव्हा मला खामगावच्या बाजारातल्या वजनकाट्यापुढे अंगठा उठवणारे आमचे शेतकरी आठवले. अशा दारातून एखादा म्हातारा मान खाली घालून गेला असेल, तर तो त्या दिवशी काय म्हणाला असेल हे कोणत्याच अहवालात नाही, आणि मला ती पद्धत आवडत नाही. पण खंड फोडून वाचायची युक्ती दरवाज्यात उभे राहून करता येते, हे तितकेच खरे. एका खंडाला फार तर चार पायऱ्या.

आमच्या कार्डांत एक दुरुस्ती दुसऱ्या आठवड्यात केली. व्हिएतनामीत अक्षरावर दोन मजली खुणा येतात. टोपी किंवा दाढी ही अक्षराचा भाग असते, ती स्वराचा उच्चार बदलते. सुराचे चिन्ह त्यावर वेगळे चढते. मुलगी टोपी असलेल्या अक्षराला 'यात सूर आहे' असे धरून चाले, आणि टोपीवर चढती रेघ आली की दोन्ही सुटे. म्हणून अक्षर टोपीसकट काळ्या शाईने लिहिले आणि सुराची पाच चिन्हे तांबड्या पेनने फायलीच्या पारदर्शक प्लास्टिकच्या तुकड्यांवर काढली. काळे कार्ड आधी वाचायचे, मग तांबडा तुकडा वर सरकवायचा, मग पुन्हा वाचायचे. तांबडे काढले की शब्द काळ्यावर परत येतो. या एका गोष्टीने जो फरक पडला तो मी तिच्या चेहऱ्यावर पाहिला: डोळे आधी खाली, मग वर, असे दोनदा हलू लागले. त्याआधी ते एकदाच हलत आणि जिभेवर काहीतरी येई.

एक सोय भाषेनेच दिली आहे. प, त, क किंवा च अशा थांबणाऱ्या व्यंजनाने शेवट होणाऱ्या खंडाला फक्त दोनच सूर येऊ शकतात, साक किंवा नांग. बाकीचे तुकडे त्या कार्डावर ठेवलेच तर चूक झाली हे लगेच कळते. हे तिला सांगितले नाही. तांबडे तुकडे ती स्वतः लावून बघे आणि आईकडे बघून डोके हलवे, हे असे काही नसते. मोठ्यांना जो नियम पुस्तकातून वाचावा लागतो तो तिच्या कानात आधीच होता.

जिथे कान मदत करत नाही ती जागा मात्र आमच्या हातून सुटली नाही. सूनबाई दक्षिणेकडच्या. दक्षिणेत होय आणि न्गा हे दोन सूर एकच झाले आहेत. वर दिलेले चौथे आणि पाचवे कार्ड, थडगे आणि घोडा, मुलीच्या कानाला सारखेच. पण लेखनात भेद आहे आणि शाळेत तो चुकला की लाल शाई पडते. आईलाही हा भेद पाठांतरानेच येतो. हे कळल्यावर मला आमच्या मराठीच्या हृस्व-दीर्घाची आठवण आली. आपण बोलताना ती वेलांटी कुठे ऐकतो? तरी लिहिताना आमच्या पिढीच्या तळहातावर तिने वळ उठवले आहेत. फरक इतकाच की उत्तरेत हनोईकडे हा भेद अजून ऐकू येतो, म्हणून त्याला बोलीभाषेचा आधार आहे. इथे कार्ड सुरांवरून शिकवायचा हट्ट धरला तर मूल गोंधळते. आम्ही ती दोन चिन्हे एकत्र कधीच शिकवली नाहीत. होय आधी, जोडीत नेहमी साकाबरोबर. न्गा शेवटच्या चार दिवसांत, तेही शब्द आणि चित्र यांच्याबरोबर. घोड्याच्या रोजच्या शब्दात ते चिन्ह नाही, म्हणून 'दूध' या शब्दाचे कार्ड केले. दूध 'सुआ', लाटेच्या चिन्हासह. दुधाचा पेला समोर ठेवून ती लाट काढे, आणि म्हणे की ही साय आहे. ही खूण शाळेत कोणी देणार नाही, पण लाट दुधावर बसली.

तीन आठवडे झाले तेव्हा मी मोजले. आमच्या गठ्ठ्यात 84 काळी कार्डे होती. कुठलेही दहा उचलून, वर कुठलेही तांबडे चिन्ह ठेवून, नवा म्हणजे अर्थ नसलेला खंड तयार केला तरी ती नऊ वाचत होती. अर्थ नसलेला खंड हीच परीक्षा. अर्थ असेल तर मूल अंदाजाने सांगते. आडात असलेले पोहऱ्यात आले की नाही हे अशा बिनअर्थाच्या कार्डावरच दिसते. दहावे चुकायचे ते बहुतेक लाट आणि आकडा या जोडीतले.

परत जायच्या आदल्या रात्री तिच्या आजीने पाठवलेली चिठ्ठी फोनवर आली, हाताने लिहिलेली, आठ-नऊ ओळींची. सूनबाई वाचायला लागल्या तर पोरीने फोन हिसकावला. खंड फोडत, ओठ हलवत, पाच ओळी तिने वाचल्या. सहाव्या ओळीत अडली. आजीने तिथे लाट घालायची ती विसरून आकडा घातला होता, दक्षिणेतली बाई, तिच्याही कानाला दोन्ही एकच. मुलगी मला म्हणाली, 'आजोबा, हे चुकलंय.' मी प्लास्टिकचा तांबडा तुकडा शोधून तिच्या हातात दिला. तिने तो फोनच्या काचेवर ठेवला, नीट त्या अक्षराच्या वर, आणि पुढे वाचत गेली.